दाराखालची फट

आमच्या शाहूपुरीतल्या ज्वारीच्या गोदामाचा राखणदार दाराखालची फट बुजवू देत नाही, कारण तिथून एक मांजर ये-जा करते. त्या मांजरीला मात्र तो दूध घालत नाही, हातही लावत नाही.

आज मी उंदरांच्या औषधाच्या पुड्या आणल्या, तर त्यानं माझ्या हातातली पुडी हिसकावली. "इख खाल्लेला उंदीर खाऊन मांजर बी मरंल, मालक."

तेवढ्यात मांजर फटीतून आली, तोंडात पिल्लू.

"हलू नगा," तो पुटपुटला. "लई जुन्या काळी माणसाकडं धान्य साठलं म्हणून उंदीर आलं, त्यांच्या मागनं रानमांजरं. कुणी धरून आणली न्हाय. जी माणसाला कमी भ्याली, ती हितं पोटभर खाऊन टिकली, त्यांचीच पिल्लं वाढली."

मांजरीनं आम्हाला निरखलं आणि पिल्लू पोत्यांमागं ठेवलं. तो पहिल्यांदाच हसला.

त्याच पोत्यांमागं मी सकाळीच औषधाची एक पुडी टाकली होती.