ज्याचं नाव, त्याचा हात

भांड्यांवर नावं कोरणाऱ्या काकूंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: भेटवस्तूवर ज्याचं नाव, त्यानं ते स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायच्या, “कागदावरचं खोडता येतं. धातूवरचं घासायला गेलं तर खड्डा पडतो.”

एक गृहस्थ आईसाठी चांदीचं तबक घेऊन आले. त्यावर दोन नावं हवी होती, त्यांचं आणि बहिणीचं. दोन्ही त्यांनीच लिहून आणली होती.

“ताईंना घेऊन या.”

“आमचं बोलणं नाही हो, किती वर्षं झाली. नाव तेवढं घाला, आईला बरं वाटेल.”

“मग तबक घरी न्या.” काकूंनी ते सरळ परत सरकवलं.

गृहस्थ पाय आपटत गेले. पण आठवड्यानं बहीण आली, आणि मागोमाग तेही, दारातच घुटमळत. तिनं कागद पाहिला, आपलं भारदस्त नाव खोडलं आणि घरातलं लाडाचं लिहिलं, ‘चिमणी’. भावानं पेन्सिल मागून घेतली. स्वतःचं नाव खोडून लिहिलं, ‘ढब्बू’.

काकूंनी नेहमीप्रमाणे बजावलं, “नीट बघा. एकदा कोरलं की पुसता येत नाही.”

“म्हणून तर आले,” बहीण म्हणाली.