तीन लाखांचा महिना

अलकनंदाबाई हिशेबाला एकदम पक्क्या. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात तीनशेचा कुर्ता शंभरात पाडून वर पिशवीही मागून घेतील! पण २०१३च्या फेब्रुवारीत त्यांचंही डोकं चालेना. फरीदाबादच्या एका कारखान्याने पगार विभाग सांभाळायला महिना ऐंशी हजार देऊ केले होते. सरकारी कचेरीत हातात पडत होते जेमतेम चाळीस. गाझियाबादला स्वतःचं घर घ्यायचं, हा ध्यास किती वर्षांचा! बाईंनी राजीनामा लिहूनच टाकला.

दुपारच्या सुट्टीत हिरवळीवर उन्हात बसून शेंगा सोलताना तो त्यांनी कचेरीतल्या भालचंद्रजींना दाखवला. पेन्शनचे नियम यांना तोंडपाठ.

"बाई, वेड लागलंय का? नोकरी किती झाली?"

"एकोणीस वर्षं दोन महिने."

"मग राजीनामा दिलात की पेन्शन शून्य! रजेचे पैसेही निम्मे. वीस वर्षं भरू द्या, स्वेच्छानिवृत्ती घ्या. दोन्ही पूर्ण."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. शिल्लक रजा दोनशे साठ दिवस, तिचे साडेतीन लाखांच्या आसपास. पेन्शन भत्त्यासकट महिना वीस हजार. बँकेच्या आठ टक्के व्याजातून तेवढे मिळवायचे तर तीस लाख ठेवावे लागतील.

"तीस लाख, दहा महिन्यांसाठी. म्हणजे तुमचा एकेक महिना तीन लाखांचा!"

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

घरी नवऱ्याने, श्यामकांतने, लगेच अक्कल पाजळली. "अगं, सोपं आहे! रजा टाक नि उद्यापासून फरीदाबादला जा."

"रजेवर असताना दुसरी नोकरी? अहो, चौकशी लागेल, सगळंच जाईल!" बाई कडाडल्या. रात्रभर त्यांना धाकधूक होती. कारखाना थोडाच थांबणार?

सकाळी त्या दहा महिन्यांची मुदत मागायला फरीदाबादला गेल्या. मॅनेजर पंचावन्नचे, पंजाबी, घाईतले. "दस महीने? नामुमकिन. चलो, दस हज़ार और ले लो."

बाईंना हसूच फुटलं. "सर, मेरा महीना तीन लाख का है." आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

साहेबांनी तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग आवाज खाली आणून विचारलं, "मैडम, और मेरी पेंशन कितनी बनेगी?"

त्यांचा पगार दोन लाख, पीएफ मोडून मुलीचं लग्न केलेलं. बाईंनी पेन उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: खासगी नोकरीची पेन्शन, महिना जेमतेम दोन-तीन हजार. त्यांना त्या माणसाची फार कीव आली.

"समझ गया," साहेब म्हणाले. चहा मागवला. "दिसंबर में आ जाइए. मैं संभाल लूँगा. बस, ये कागज़ मेरे पास छोड़ जाइए. मेरा बेटा सरकारी नौकरी छोड़ने की ज़िद कर रहा है."