शेवटच्या प्रयोगातली शाल

गेल्या रविवारी डोंबिवलीला माझा शेवटचा प्रयोग झाला. दुपारी साडेचारचा. शहाडहून रिक्षात बसलो तेव्हाच स्वतःला बजावलं होतं... आज रडारड नाही, आज फक्त पाठांतर.

कारण सांगतो. वय चौऱ्याहत्तर. मागच्या दोन प्रयोगांत शेवटच्या स्वगतातली वाक्यं गळाली आणि सुलभाने विंगेतून शब्द दिले. प्रेक्षकांना कळलं नाही, पण मला कळलं ना! मग मीच निर्मात्याला सांगितलं, आता पुरे.

सुलभा म्हणजे आमची प्रॉम्प्टर. वीस वर्षं हातात संहिता घेऊन विंगेत उभी आहे. मी मुद्दाम थांबलोय की अडकलोय, हे तिला माझ्या नुसत्या खांद्यांवरून कळतं.

मेकअप करता करता तिला सांगितलं, "आज काहीही झालं तरी शब्द द्यायचा नाही."

"आणि अडकलात तर?"

"तर अडकेन. माझं मी बघेन."

"बरं. पण नंतर माझ्यावर चिडायचं नाही हं, अण्णा."

नाटकात मी एक विधुर म्हातारा आहे, घर विकून मुलाकडे निघालेला. शेवटची सात मिनिटं तो एकटाच ट्रंक भरत बोलत असतो. माझी पाठांतराची युक्ती अशी, की वाक्यं वस्तूंना बांधून टाकलेली. आधी चष्मा, मग टॉर्च, मग बायकोची शाल... वस्तू हातात आली की तोंड आपोआप सुरू. म्हणून स्टेजवरचं सामान लावणारा आमचा नंदू त्यात कधी इकडचं तिकडे होऊ देत नाही.

मध्यंतरात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. मी हसून मान डोलावत होतो, पण डोक्यात स्वगतच चालू होतं.

मग ती सात मिनिटं आली. चष्मा झाला, टॉर्च झाला, एक अक्षर इकडेतिकडे नाही. शालीसाठी हात घातला... आणि हाताला काहीतरी नवंकोरं, खरखरीत लागलं. सत्काराची शाल! जरीचा काठ, कोपऱ्यावर दुकानाचं स्टिकर.

हाताने ओळखलं नाही आणि तोंड बंद झालं. एक सेकंद... दोन... पाच. पुढचं वाक्य कुठेच नाही. खरंच घाबरलो मी.

विंगेत सुलभाने संहिता उघडून ओठ हलवायची तयारी केली. मी मानेनेच नाही म्हटलं. तेवढ्यात दिसलं... आमची ती जुनी तपकिरी शाल तिच्याच खांद्यावर होती! एसीचा झोत थेट विंगेत येतो, थंडी वाजली म्हणून बाईंनी सामानाच्या टेबलावरून उचलून गुंडाळलेली. आणि नंदूने ऐन वेळी शाल सापडेना म्हणून हाताला लागली ती ठेवून दिली.

मी नवी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. त्या म्हाताऱ्याच्याच आवाजात म्हणालो, "ही तिची नव्हे... तिची कुठे ठेवली मी?" आणि विंगेकडे चालू लागलो. हे संहितेत नाही. माझा लाइट ट्रंकेवर बांधलेला. मी अंधारात शिरतोय हे बघून लाइटवाल्याने त्या बाजूचा दिवा हलकेच चढवला, देव त्याचं भलं करो.

कडेला जाऊन हात पुढे केला. सुलभाने अंगावरची शाल काढून हातात दिली. तोंडातून चकार शब्द नाही, दिलेला शब्द पाळला तिने.

शाल गरम होती... आणि वाक्य आलं. "अजून ऊब आहे हिला."

वीस वर्षं हे वाक्य मी गार शाल हातात धरून म्हणत आलो. रविवारी पहिल्यांदा खरं बोललो. पुढचं सगळं सलग आलं, शेवटच्या 'लावतो आता कुलूप'पर्यंत. त्या वाक्यावर लाइट जातो, तसा तो गेला. अंधारात ट्रंकेवर बसून तेवढी रडारड मात्र करून घेतली.

नंदू कान पकडून उभा होता. सुलभा म्हणाली, "मी शब्द दिलेला नाही हं!" सत्काराची शाल मी तिच्याच खांद्यावर घातली. "टोचते हो ही," म्हणाली, पण काढली नाही.

इतकी वर्षं मी टाळ्या घ्यायला पुढे जायचो आणि ती विंगेत संहिता मिटून चहा शोधायला जायची. या वेळी तिचा हात धरून तिला उजेडात ओढलं आणि आम्ही दोघांनी मिळून माझा शेवटचा नमस्कार केला. तिची परवानगी काही घेतली नाही... वीस वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होती.