छपराला भोक पडेना

केरबा पत्रेवाला सांगलीत एकटाच राहायचा. कुपवाडच्या एका कारखान्यात ॲसिडच्या वाफेनं दोन-तीन वर्षांत लोखंडी पत्र्याची चाळण व्हायची, मग त्याला बोलावणं यायचं. तो छपरावर चढला की झाडूवाली अंबूबाई खालून ओरडायची, "आवं, जेवलासा का?" असं विचारणारं त्याला दुसरं कुणीच नव्हतं.

सत्त्याण्णव साली मालकानं विचारलं, "इथं कुठला पत्रा टिकेल?" केरबानं ॲसिडनं न सडणाऱ्या दोन प्लास्टिक पत्र्यांचे तुकडे पेटवले. साधं फायबर काळा धूर ओकत जळतच राहिलं. यूपीव्हीसी काडी बाजूला घेताच विझलं.

"लोखंड पेटत न्हाई, पर हितं सडतंय. ह्योच पत्रा घाला," तो म्हणाला आणि त्यानंच तो बसवला.

आता दर पावसाळ्याआधी तो तिथून सायकल हळू नेतो, मान वर करून बघतो. मेलं एक भोक पडत नाही.