परदेशातल्या मुलाच्या खात्यात भरलेले चार हजार

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अंधेरी पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहत होतो. वेसाव्याची एक कोळीण आठवड्यातून तीनदा आमच्या दारी मासळी घेऊन येई. तिला सगळे मावशी म्हणत. नवरा वारलेला, मुलगा एकुलता एक. मुलगा होड्यांच्या इंजिनांचा फिटर होता आणि त्या वर्षी एका ठेकेदाराच्या मार्फत आखातात कामाला गेला होता.

जाण्यापूर्वी त्याने एक व्यवहार करून ठेवला होता. एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीत त्याने आणि आईने मिळून एक खोली घेतली होती. सोसायटीच्या कागदावर पहिलं नाव मुलाचं, दुसरं आईचं. चार हजारांचा शेवटचा हप्ता महिन्याच्या तीस तारखेला भरायचा होता. त्यासाठी मुलाने तीस तारखेचा सही केलेला चेक सेक्रेटरीकडे आधीच देऊन ठेवला होता. त्याच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. ते मावशीने भरायचे ठरलं होतं. भिशीचे आणि टोपलीचे मिळून तिच्याजवळ चार हजार साठले होते. तीस तारीख चुकली तर खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं सोसायटीने लेखी कळवलं होतं.

मावशीला अक्षर येत नव्हतं. माझी वर्तमानपत्रातली पाळी दुपारनंतर सुरू होई, म्हणून ती मला सकाळी बँकेत घेऊन गेली. मुलाचं खातं स्टेशनजवळच्या शाखेत होतं. मी स्लिप भरली. खाली ‘पैसे भरणाराची सही’ अशी जागा होती.

“मावशी, इथं अंगठा लावायचा?”

“तूच कर रे सही. शाई लावून कुठं बसू? मासळी उन्हात हाय.”

मी सही केली. रोखपालाने नोटा मोजून घेतल्या आणि शिक्का मारलेला अर्धा तुकडा परत दिला. दहा मिनिटांत काम झालं.

चार दिवसांनी मावशी पासबुकात नोंद करून घ्यायला गेली. लेजरवरच्या कारकुनाने पान उघडलं आणि पासबुक तसंच परत केलं. पैसे खात्यात चढलेले नव्हते. का, ते त्याने सांगितलं नाही. म्हणाला, “साहेबांना भेटा.” साहेब रजेवर होते. दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी कारकून म्हणाला, “बाई, ज्याचं खातं आहे त्याला पाठवा.”

“तो समुद्राच्या पल्याड हाय. पोहत येऊ दे काय?”

कारकून हसला, काउंटरवरचे आणखी दोघे हसले. तीन खेपांत मासळी विकायच्या तीन सकाळी गेल्या आणि या बाईला तिचे पैसे कुठे अडले हे एकानेही सांगितलं नाही. टोपली बाहेर ठेवा, वास येतो, एवढं मात्र तिला तिन्ही वेळा सांगण्यात आलं.

चौथ्या खेपेला ती मला घेऊन गेली. त्या दिवशी सत्तावीस तारीख होती. अधिकारी जागेवर होते. त्यांनी लेजर मागवलं. पानाच्या वरच्या बाजूला लाल शाईत ‘नॉन-रेसिडेंट’ असं लिहिलेलं होतं. खातेदार परदेशात नोकरीला गेला की त्याच्या खात्यावर तशी खूण करायची, असा नियम. मग त्या खात्यात इथल्या कोणी रोख रुपये भरायचे तर पैसा कशाचा आहे ते ठरावीक फॉर्मवर लिहून द्यायचं, आणि कारण नेहमीच्या यादीत बसत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या परकीय चलन नियंत्रण खात्याची मंजुरी आणायची. मंजुरीला काही आठवडे लागत. काउंटरवर पैसे घेणाऱ्या रोखपालाला ही खूण दिसत नव्हती, लेजरच्या कारकुनाला दिसली. म्हणून पैसे बँकेने घेतले, पण खात्यात न चढवता बाजूच्या एका खात्यात ठेवून दिले.

“पण तो परदेशात गेला हे तुम्हाला कळलं कसं?” मी विचारलं.

अधिकाऱ्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, “या बाईंनीच सांगितलं. पेढे वाटले ना आम्हाला.”

ते खरं होतं. मुलगा बोटीवर चढला त्याच आठवड्यात मावशी पेढ्यांचा पुडा घेऊन शाखेत आली होती. वेसाव्यात घरातलं माणूस परमुलखात गेलं की ज्यांच्याशी रोजचा व्यवहार त्या सगळ्यांचं तोंड गोड करायचं, अशी तिच्या घरची रीत. दुकानदार, बर्फवाला, बँक. कारकुनाने पेढा खाल्ला आणि लाल शाईचं पेन उचललं. खूण करणं हे त्याचं कामच होतं, त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पण त्या खुणेचा अर्थ त्याने त्याच वेळी दोन वाक्यांत सांगायला हवा होता. मावशीने पैसे भरलेच नसते.

“पेढा खाताना वास नाय आला टोपलीचा?” मावशीने त्याला विचारलं. तो खाली लेजरात बघू लागला.

अधिकारी माणूस वाईट नव्हता, पण त्याने पुढचा प्रश्न विचारला तो असा: “बाई, हे पैसे तुम्हाला कोणी आणून दिले?”

त्या काळी आखातात कमावलेला पैसा तिकडे एकाच्या हातात द्यायचा आणि इकडे दुसऱ्याने तेवढी रोकड घरी पोचवायची, असा चोरटा धंदा चाले. कायदा त्यासाठी होता. तो प्रश्न विचारणं अधिकाऱ्याला भागही होतं. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच समजलं की साहेब पैसे चोरीचे म्हणतोय.

“आणून कोण देनार? पंचवीस वरसं टोपली उचलते मी. ह्यो बघ,” असं म्हणत तिने पदर सारून डोक्यावरची चुंबळीची जागा दाखवली. तिथले केस विरळ झालेले होते. “तुझ्या बायकोला विचार, परवा सुरमई कोनाकडून घेतली ती.”

मी म्हटलं, “पैसे खात्यात जमा झालेले नाहीत. मग ते परत द्या.”

“देता येतील. भरणाऱ्याने तसा अर्ज करायचा, शिक्क्याचा तुकडा जोडायचा.” त्याने स्लिप काढली. “पण भरणाऱ्याची सही तुमची आहे. या बाईंना मी पैसे देऊ शकत नाही.”

“पैसे माझे, आणि मला नाय देनार?”

“कागदावर तुमचं नावच नाही, बाई.”

तिला मासळी उन्हात नको होती म्हणून मी केलेली सही आता अशी पुढे आली होती. चूक माझी होती. वर्तमानपत्रात दुसऱ्याच्या बातमीखाली सही करू नये हे शिकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पैशाखाली केली होती. तिचा अंगठा त्या कागदावर असता तर अधिकाऱ्याला तिच्याशीच बोलावं लागलं असतं. मात्र तिला अक्षर येत नाही एवढ्यावरून आधीच्या तीन खेपांत तिला कोणी खुर्चीही दिली नव्हती, हेही खरं.

मी तिथेच अर्ज लिहिला. पैसे भरताना सही मी केली, रक्कम या बाईंच्या मालकीची आहे, ती परत मिळावी. खाली माझी सही, शेजारी मावशीचा अंगठा. अधिकाऱ्याने अंगठा आपल्यासमोर लावून घेतला, शाखेतल्या दोघांनी साक्षीला सह्या केल्या. साक्षीदारांपैकी एक तोच कारकून होता. रोखपालाने चार हजार मोजून मावशीच्या हातात दिले.

“आता हे पैसे घेऊन आम्ही काय करायचं?” मी विचारलं. “तीस तारीख तीन दिवसांवर आहे.”

अधिकाऱ्याने चष्मा काढला. “मुलाला तार करून तिकडून ड्राफ्ट मागवलात तर तो या खात्यात सरळ जमा होतो, परदेशातून आलेल्या पैशाला अडचण नाही. पण तीन दिवसांत येणार नाही. खोलीवर बाईंचं नाव आहे?”

“हाय. दुसरं हाय, पन हाय.”

“मग या खात्याचा नादच सोडा. रोख भरून सोसायटीच्या नावे पे ऑर्डर घ्या. बाई स्वतः सभासद आहेत, स्वतःचं देणं स्वतः देतील. पावती मात्र बाईंच्या नावाची घ्या. मुलाच्या वतीने भरले असं लिहून आलं तर परदेशस्थाच्या वतीने पैसे दिले असा अर्थ होईल आणि पुन्हा तोच घोळ.”

हे सांगायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. तेच त्या बाईला पहिल्या खेपेला कोणीही सांगू शकलं असतं. नियम कडक होता याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. नियमातून बाहेर पडायची सरळ वाट होती, ती माहीत असलेली माणसं काउंटरमागे बसलेली होती, आणि तिथे उभ्या असलेल्या बाईला ती सांगावी असं त्यांच्यापैकी कुणालाही वाटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

पे ऑर्डरच्या फॉर्मवर या वेळी मी अर्जदार म्हणून मावशीचं नाव लिहिलं आणि तिने अंगठा लावला. अंगठा पुसायला कारकुनाने आपणहून कापडाचा तुकडा दिला. तिने तो घेतला नाही, लुगड्याच्या काठाला अंगठा पुसला.

तिथून आम्ही थेट सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पे ऑर्डर उलटसुलट पाहिली, मुलाचा चेक फायलीतून काढून परत केला आणि पावतीपुस्तक उघडून मुलाचं नाव लिहायला सुरुवात केली.

“मास्तर, थांबा,” मावशी म्हणाली. “माझं नाव घाला.”

“अहो, पहिलं नाव त्याचं आहे. पावती पहिल्या नावाने देतो आम्ही. सगळ्यांनाच.”

“पैसे पहिल्या नावानं दिले काय?”

“मावशी, हा नुसता रिवाज आहे. खोली तुमचीच.”

“मग माझी पे ऑर्डर परत द्या. मी बसते हितं तीस तारखेपातूर.” आणि ती खरोखरच दारात टोपली ठेवून तिच्याशेजारी बसली. ऑफिसात आलेल्या एका सभासदाला तिला ओलांडून आत यावं लागलं.

मी सेक्रेटरींना बँकेचं म्हणणं सांगितलं. पावती मुलाच्या नावे गेली तर चलन नियंत्रणाचा प्रश्न सोसायटीलाही विचारला जाईल, असं म्हटल्यावर त्यांनी लिहायला घेतलेली पावती रद्द केली. दुसरी लिहिली: सभासद श्रीमती अमुक यांजकडून, शेवटच्या हप्त्यापोटी, रुपये चार हजार, पे ऑर्डरने. खाली सही, शिक्का.

मावशीने पावती माझ्यापुढे धरली. “कुठं हाय माझं नाव?”

मी बोट ठेवून दाखवलं. तिने त्या जागेवर आपला अंगठा ठेवला, बँकेतल्या शाईचा पुसट डाग तिथे उमटला. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, कागद खराब केलात.”

“माझाच हाय,” ती म्हणाली आणि पावती घडी करून कमरेला खोचली.