गाऱ्हाणं आणि गिऱ्हाईक

गोव्याच्या हद्दीजवळच्या रामनगरातल्या आमच्या सोलरच्या दुकानाची पहिली पाटी निळी होती. तिच्यावर एक कुटुंब हसत उभं होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पंचवीस वर्षं निर्धास्त'. हे कुटुंब बेळगावात जाहिरातीचं काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने कुठून आणलं देव जाणे. त्यातली बाई इस्त्रीची साडी नेसून छतावर चढली होती. आमच्या भागात छतावर चढायचं ते पावसाआधी कौलं परतायला, आणि तेव्हा कोणी इस्त्री करत नाही.

"ब्रँड म्हणजे वचन, ताई," भाऊ म्हणायचा. वचन देऊन झालं होतं. घ्यायला कोणी येत नव्हतं.

त्यालाही कारण होतं. आमच्या आधी कुठूनसे दोघं आले, गावोगाव सोलरचे दिवे विकून गेले. एका पावसात दिवे मेले आणि त्यांचे फोनही. तेव्हापासून कोणी शब्द देऊन गायब झाला की इकडे लोक म्हणत, "त्यो सोलर झाला." अशा मुलखात माझ्या नवऱ्याने गोव्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून छतावर सोलर बसवायचं दुकान काढलं होतं. उळवीच्या जत्रेत आम्ही मांडव घातला, चकचकीत पत्रकं वाटली. लोकांनी ती आनंदाने घेतली आणि त्यांच्यावर बसून जेवले.

कामं झाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. होळीनंतर नवरा म्हणाला, "राइस मिलच्या अण्णांनी पावसाआधी घेतलं तर राहू. न्हाईतर मी गोव्याला परत जातो." आणि त्याने गोव्याहून आणलेली ती काळी बॅग कॉटखालून काढून पुसून ठेवली. मला त्या बॅगेचा इतका राग यायचा की तिच्या बाजूने जाताना मी मुद्दाम लाथ घालायची. नवरा आठवड्यातून एकदा येणार, हा संसार मी लग्नानंतर चार वर्षं केला होता. पुन्हा करायची माझी तयारी नव्हती.

अण्णांच्या मिलचा पत्रा मोठा, वीजबिल त्याहून मोठं, आणि सगळा बाजार त्यांच्याकडे बघून खरेदी करणारा. एकदाचे ते दुकानात आले, पाटी वाचली, चहा घेतला. नवऱ्याने त्यांना चांगल्यातलं चांगलं छत दाखवायची तयारी ठेवली होती.

"चालू असलेलं सगळेच दाखवत्यात," अण्णा म्हणाले. "तुमचं बिघडलेलं कुठं हाय, ते दाखवा."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मी मात्र आत जाऊन चप्पल घातली. बिघडलेलं म्हटलं की आमच्याकडे एकच नाव होतं.

बाजारकुणंग गावाच्या वाटेवर एक मावशी राहते. तिच्या घरी शहरातले पाहुणे जंगल बघायला येऊन राहतात. वीज गेली की पाहुणे कुरकुरतात, म्हणून तिने बॅटरीसकट सोलर घेतलं. ही मावशी म्हणजे आमच्या धंद्याची साडेसाती. वाटेत नवरा एकदाच पुटपुटला, "तुला दुसरं कोण सापडलं न्हाई?" मी म्हटलं, "गाडी चालवा."

मावशी अंगणात सुपाऱ्या सोलत होती. मी म्हटलं, "मावशी, हे मिलचे अण्णा. तुमच्या सोलरचं विचारायला आलेत." एवढं पुरे होतं. तिने कोयती बाजूला ठेवली.

"इचारा की! ऐन पावसात ह्येंचा तो डबा बंद पडला, इन्व्हर्टर. पाव्हणं घरात, अंधार गुडुप. फोन केला तर ही बाई म्हणती, येतो. येतो म्हणजे कवा? दुसऱ्या दिवशी उजाडायला आली. गुडघ्याएवढ्या चिखलात. आली ती दुसरा डबा घेऊन. म्हणाली, तुमचा कंपनीकडं धाडतो, हमीत हाय, फुकट मिळंल, पण येळ लागंल, तवर हा आमचा वापरा. आणि येळ किती लागावा! म्हैनाभर मी लोकाचा डबा वापरला!"

तिची पट्टी इतकी चढली होती की ते ऐकताना मला आमच्या देवळातलं गाऱ्हाणं आठवलं. तिथे गावचा मानकरी, गावकार, देवापुढे एकेक गोष्ट मांडतो आणि बाकीचे हात जोडून दर वाक्याला होकार देतात. अण्णांनाही तेच आठवलं असावं. ते हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"मग फणस!" मावशीने छताकडे बोट केलं. "ह्येनी मोजमाप केलं दिवाळीत. तवा झाडाला फणस व्हता का? न्हवता. उन्हाळ्यात पडला की एक, नेमका काचंवर! मी म्हटलं, पंचवीस वर्षांची हमी दिलीसा न्हवं, द्या बदलून. तर ह्यो तुमचा इंजिनेर म्हणतोय, हमी पॅनल खराब निघालं तर हाय, ऊन खाऊन लई कमजोर झालं तर हाय, फणसाला न्हाई. कंपनी देणार न्हाई. असं तोंडावर सांगितलंन!"

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय, ह्येंच्या खरेदीच्या भावात दुसरं दिलंन. बसवायचं काय घेतलं न्हाई. आणि सगळी रांग झाडापासनं लांब सरकवली. पर फणस गेला तो गेलाच की! चांगला बरका व्हता."

अण्णा वर चढून बघून आले. खाली उतरून पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "एवढा तरास झाला, तर दुसरा मानूस बगायचा हुता, मावशी."

मावशीला प्रश्नच कळला नाही. "दुसऱ्याला शिव्या घालाय कुठं हुडकत जाऊ? ह्ये निदान ऐकाय येत्यात तरी."

परतताना अण्णा गाडीत नवऱ्याशेजारी बसले. मग नवऱ्याला म्हणाले, "कागदावरची पंचवीस वर्षं कंपनीची. तुमची किती?"

नवऱ्याला गोड बोलता येत नाही, हे त्या दिवशी कामाला आलं. तो म्हणाला, "बसवलेल्या कामाची जबाबदारी पाच वर्षं, लिहून देतो. पॅनल आन् इन्व्हर्टर ज्याच्या त्याच्या हमीच्या कार्डाप्रमाणं. पावसाआधी आन् पावसानंतर तपासून जाणार. आन् अण्णा, तुमच्या मिलला बॅटरी न्हाई, त्यामुळं लाइन गेली की सोलर बी बंद पडणार. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच असतंय. नंतर म्हणू नका सांगितलं न्हाई."

"ह्ये तुमच्या पाटीवर न्हाई," अण्णा म्हणाले.

पाटी मी त्याच आठवड्यात उतरवली. नवी साधी पांढरी केली. तिच्यावर हमीत काय येतं, काय येत नाही ते लिहिलं. 'फणस येत नाही' हेही लिहिलं. खाली मोठ्या अक्षरांत घातलं, 'गाऱ्हाणं ऐकायला घरी येऊ'. भाऊ फोनवर ओरडला, "तक्रारीची जाहिरात जगात कोण करतं, ताई?" आणि आठ दिवस रुसून बसला. लोक मात्र थांबून पाटी वाचायचे, फणसापाशी हसायचे, आणि हसता हसता आत यायचे.

अण्णांनी काम दिलं. पावसाआधी मिलच्या पत्र्यावर रांगा बसल्या. तरी नवऱ्याने काळी बॅग परत कॉटखाली सारली नव्हती. अण्णा एकदम गप्प झाले होते. चांगलं नाही, वाईट नाही, फोनच नाही. गिऱ्हाईक गप्प बसलं की मला धडकी भरते. ते मनातल्या मनात आपल्याला 'सोलर झाला' म्हणतंय असं वाटतं.

आषाढातल्या एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि फोन वाजला. "वैनी," अण्णांचा आवाज मिलच्या घरघरीवर चढला होता, "एक रांग शून्य दाखवतीया. सकाळधरनं. पैसं मोजून घेतलंय मी, काय फुकट न्हाई. कुठं हाय तुमचा मानूस?"

"येतोय," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मला हसू आवरेना. किती बरं वाटलं सांगू.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"अण्णांचं गाऱ्हाणं आलं."

तो हात धुऊन उठला. पत्र्यावर जाणाऱ्या वायरीचा एखादा जोड सुटला असणार, म्हणाला. मग कॉटशेजारून त्याने ती काळी बॅग ओढली, तिच्यात मीटर, पक्कड, पाने आणि माझा जुना रेनकोट कोंबला, आणि ती खांद्याला लावून मिलकडे निघाला.