लेव्हल पुस्तक वाचायला बसतो

त्याला सगळे लेव्हल म्हणायचे. फरशी बसवण्यात त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. मी पाइपचं काम करायचो. माझं संपलं की त्याचं सुरू व्हायचं. पाइपला उतार कमी पडला तर तो माझ्याकडे न बघता भिंतीला सांगायचा, "पाणी काय उड्या मारत जाणार आहे का?"

फरशी पक्की बसली की तो बोटाच्या पेराने ठोकत खोलीभर रांगायचा. आवाज भरीव आला तर पुढे सरकायचा. पोकळ आला तर फरशी उचकटायची, खालचा माल खरवडायचा आणि नव्याने बसवायची. मालक "चालेल हो" म्हणाला तरी याला चालायचं नाही.

मी काम सोडल्यावरही आमची दारं समोरासमोरच राहिली, मध्ये फक्त जिना. त्याची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात दुसऱ्या पाळीला जायची. त्यामुळे संध्याकाळी पोरगी याच्या ताब्यात. सहा वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणायचे, कारण कुणाला कसं ठकवायचं हे तिला बोलायच्या आधी कळलं होतं.

लेव्हलचं शिक्षण आठवीपर्यंत. वाचता यायचं, पण वाचायची वेळ आली की तो अंग चोरायचा. फरशी चिकटवायच्या मालाच्या पिशवीवर काय लिहिलंय ते दुसऱ्याला वाचायला लावायचा आणि म्हणायचा, "चष्मा घरी राहिला." त्याला चष्मा नव्हताच. पोरीचं असं होऊ नये, एवढी एकच गोष्ट त्याच्या मनात घट्ट होती. छापलेलं पान समोर आलं की तिने मान फिरवू नये.

शाळेतल्या बाईंनी पालकांना सांगितलं होतं की झोपताना मुलांना रोज थोडं वाचून दाखवा. वर्गातल्या फळीवरून एक पुस्तक घरी नेता यायचं. ठकीने आणलं ते कावळ्याचं. कावळा केस कापायचं दुकान काढतो आणि गिऱ्हाइकं येतात: मेंढी, साळिंदर, अस्वल. शेवटी गोगलगाय येऊन खुर्चीत बसते आणि म्हणते, "मागून जरा कमी करा."

लेव्हल कामाला लागला. जेवण झालं, दात घासले, फोन फळीवर उपडा ठेवला, दिवा एकच. पोरगी गादीवर, हा खाली जमिनीवर टेकून. ही मांडणी त्याने एकदा ठरवली आणि मोडली नाही. पाहुणे आले तरी त्यांना म्हणायचा, "बसा, आमचं कावळ्याचं उरकून येतो."

वाचायचा मात्र एकसुरी. पोरगी वैतागायची. "बाबा, तू गोष्ट वाचतोयस की विजेचं बिल?"

"गोष्टच आहे ना ती?"

"मग अस्वल असं बोलेल का?"

तरी तिला ते आवडायचं. एक पुस्तक संपलं की दुसरं आणावं, असा त्याचा हिशेब. ती पुन्हा तेच मागायची. शाळेत परत द्यायची वेळ आली तर बाईंकडे हट्ट करून पुन्हा तेच घेऊन यायची. हा मला जिन्यात भेटला की कपाळाला हात लावायचा. "काका, त्या कावळ्याने माझं डोकं भादरलं."

एकदा दिवसभर गुडघ्यावर काम करून आला होता. कंटाळून त्याने दोन पानं एकदम उलटली. ठकी उठून बसली. "साळिंदर कुठे गेलं?"

"आज आलं नाही ते."

"आलंय! मागच्या पानावर खुर्चीत काटे अडकलेत!"

पान मागे उलटलं. ती बोट फिरवत धडाधडा म्हणाली, एक शब्द चुकला नाही. लेव्हलचा ऊर भरून आला. पोरगी वाचायला लागली म्हणून तो रात्री बायकोची वाट बघत बसला.

पण स्वभावाला औषध नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ठोकून बघितलं. कावळ्याचं चित्र तळहाताने झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय?"

ठकीने त्याचा तळहात सरकवायला बघितलं.

"काल तर म्हणालीस. सांग."

"कात्री?" ती त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली.

शब्द होता 'खुर्ची'. लेव्हलला पोकळ आवाज आला. याचा अर्थ पोरगी चित्रं बघून पाठ म्हणत होती, सगळी पोपटपंची. मग त्याने फरशी उचकटायला घेतली. आधी अक्षरं जुळव, मग पुढची ओळ. चुकलं की मागे. पान पूर्ण झाल्याशिवाय झोप नाही. एक दिवस ठकीने दूध सांडलं तर म्हणाला, "आज दोन पानं तुझ्याकडून." पुस्तकाची शिक्षा झाली हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. उलट तो मेहनत घेत होता, आणि मेहनतीवर त्याचा विश्वास होता. माझाही आहे. पण चुकीच्या जागी घेतलेली मेहनत भिंतच पाडते.

ठकीचं पोट दुखायला लागलं. तेही नेमकं दात घासून झाल्यावर. मग डोळ्यांत काहीतरी जायला लागलं. शेवटी पुस्तकच सापडेना. लेव्हलने घर उलटंपालटं केलं. बायकोला ते मळक्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी सापडलं, तिच्याच कामावरच्या साडीत गुंडाळलेलं.

त्या रविवारी तिला सुट्टी होती. मी दारात बसलो होतो, त्यांचं दार उघडं होतं, आणि ती काही हळू बोलणारी बाई नाही.

"अहो, हे बघा. पोरीने पुस्तक लपवलंय. चॉकलेट लपवतात पोरं, पुस्तक नाही!"

"तिला काही येत नाही. सगळं पाठ केलंय तिने."

"मग? पाठ होईपर्यंत ऐकलं ना तिने? तुम्हाला काय येत होतं सहाव्या वर्षी?"

"म्हणूनच तर म्हणतोय. पाया कच्चा राहिला तर…"

"काल बसवलेल्या फरशीवर आज कुणाला पाय ठेवू देता का? मी एकदा ठेवला होता तर आठवडाभर ऐकवलंत. आणि पोरीला रोज ठोकून बघता!"

लेव्हलने तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं.

सोमवारी तो कामाच्या कपड्यांतच शाळेत गेला. बाईंनी त्याला काय सांगितलं ते त्याने मला जिन्यात उभं राहून जसंच्या तसं सांगितलं, सामानाची यादी सांगावी तसं. पाठ म्हणणं ही वाचण्याआधीची पायरी आहे, फसवणूक नाही. तेच तेच पुस्तक मागतात कारण पुढे काय येणार हे माहीत असल्याची मजा असते, आणि त्यातूनच शब्द ओळखीचे होतात. अक्षरं शिकवायचं काम वर्गात चाललंय, ते आमच्यावर सोडा. झोपताना तुम्ही वाचा, तिने ऐकायचं. तिला मध्ये बोलावंसं वाटलं तर बोलू द्या. विचारायचंच असेल तर 'आता काय होईल?' विचारा, 'हे काय लिहिलंय?' नको. तिने वाचलं आणि अडली तर जरा थांबा, नाही जमलं तर शब्द सांगून पुढे जा. पुस्तक तिने निवडायचं. आणि तिला नको असेल तर बंद करायचं.

"बंद करायचं?" त्याने मला विचारलं, जणू मीच सांगितलं होतं. "काम अर्धं सोडायचं?"

"तुझं काम काय आहे रे?" मी म्हटलं. "पान संपवणं की पोरीला पुस्तकापाशी परत बसवणं?"

त्या संध्याकाळी ठकीने भिंतीकडे तोंड केलं. "मला नाही वाचायचं."

"तू नको वाचूस. मी माझ्यासाठी वाचतो."

आणि खरंच वाचलं. जमिनीवर टेकून, एकटा. पोरगी पाठमोरी. तो पान संपल्यावर थांबला नाही, काही विचारलं नाही. शेवट झाला, दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ठकी हूं की चूं करेना. नुसती भिंतीसारखी तिची पाठ दिसत होती, असं तो मला म्हणाला. फरशी बसवताना हाताला कळतं बसली की नाही. इथे काहीच कळत नव्हतं, आणि करत राहायचं होतं. त्याने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात अवघड काम असावं.

मग कधीतरी त्याने आवाज काढायचं ठरवलं. त्याला ते अजिबात जमत नाही. अस्वल सर्दी झाल्यासारखं बोललं. मेंढी मुकादमासारखी खेकसली. गोगलगायीला त्याने जाडा, घोगरा आवाज दिला, तेव्हा माझ्या घरापर्यंत ऐकू आला.

भिंतीकडून आवाज आला, "गोगलगाय अशी नाही बोलत."

"मग कशी बोलते?"

"हळूऽऽ. तिला वेळ लागतो ना."

"मला नाही जमत. तूच हो गोगलगाय."

ठकी वळली. तिने वाक्य म्हटलं, इतकं हळू की हा हसायला लागला. मग तीही. अक्षरांवर कुणाचंच बोट नव्हतं.

त्यानंतर गाडी रुळावर आली, पण एकदम नाही. मध्येच ती म्हणायची, "आज नको," आणि तो पुस्तक मिटायचा. हे मिटणं त्याला जड जायचं, दाढ काढल्यासारखं तोंड करायचा. पण मिटायचा. बहुतेक वेळा ती लगेच म्हणायची, "बरं, एकच पान." सुट्टीच्या दिवशी आई वाचायची. ती भराभर वाचायची आणि मधूनमधून गोष्टीत स्वतःचं काहीतरी घुसडायची. ठकी ओरडायची, "असं नाहीये त्यात!" आणि पुस्तकावर बोट ठेवून दाखवायची. दाखवलेला शब्द कधी बरोबर असायचा, कधी नसायचा. कुणी तपासत नव्हतं.

पावसाळा सरला तेव्हा ती फळीवरून नवं पुस्तक घेऊन आली. जाड होतं, चित्रं कमी. एक म्हातारी दीपस्तंभाचा दिवा सांभाळते आणि एक दिवस दिवा रुसतो. लेव्हलला वाटलं, हे तिला झेपणार नाही. ओठावर आलं होतं. गिळलं.

ते पुस्तक अर्ध्यावर असताना एका इमारतीचं काम अडलं आणि त्याला उशीर झाला. पोरीला मी आमच्याकडे जेवू घातलं आणि त्यांच्या घरी नेऊन सोडलं. त्यांचं दार उघडं ठेवून मी समोर माझ्या दारातल्या खुर्चीवर बसून राहिलो. ती दात घासून आली, दिवा लावला, गादीवर चढली आणि पुस्तक उघडलं. मला 'वाच' म्हणाली नाही, कुणालाच म्हणाली नाही. बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचायला लागली.

लेव्हल जिना चढून आला. हातात बूट, कपड्यांवर सिमेंट. आतला आवाज ऐकून तो माझ्या खुर्चीपाशी थांबला. ठकीने 'समुद्र' वाचलं. मग 'वादळ' होतं तिथे 'वारा' म्हटलं आणि पुढे गेली.

लेव्हलचा ओठ हलला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ओठ दाताखाली धरला. तिने ओळ संपवली, पुढच्या ओळीत छप्पर उडालं, तिथे ती थांबली. मागे गेली. पुटपुटली. "वा… वादळ." आणि परत पुढे.

तो आत गेला. ठकीने मान वर केली.

"आलास? मी पुढे गेले."

"थांबायचं ना माझ्यासाठी."

"मग लवकर यायचं. आता तुझं राहिलंय ते तूच वाच."

तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं, कुठून वाचायचं ते पान दाखवलं आणि उशीवर डोकं टेकलं. लेव्हलने सिमेंटचे हात सदऱ्याला पुसले, जमिनीवर टेकून बसला आणि वाचायला लागला. मी माझं दार लावून घेतलं.